संबळानंतरची निम्मी लय

कळंबात माझा डान्स क्लास आहे. लहान मुलांची गॅदरिंगं बसवण्यासाठी तो सुरू केला आणि आता लग्नसराईत अर्धं वर्ष बायकांना नाचवण्यात जातं. पूर्वी हळदीला शेजारणी जमायच्या, चार गाणी म्हणायच्या आणि जेवून घरी जायच्या. आता संगीत असतं, स्टेज असतं, आणि पाच मिनिटांची मेडली असते. माझा स्वभाव तापट आहे. 'मॅडम ओरडतात' हे पोरींच्या आयांना फी सांगायच्या आधी कळतं. तरीही लोक येतात, कारण माझ्या मेडलीत जोड दिसत नाही, अशी ख्याती आहे. ती मीच पसरवली असणार, पण खोटी नव्हती.

त्या वर्षी अडत बाजारातल्या एका कुटुंबाचं काम आलं. नवरी माझी जुनी विद्यार्थिनी. घरातल्या आठ बायकांचा एक नाच हवा होता: आई, चुलती, आत्या, मावशी, दोन वहिन्या आणि दोन बहिणी. आईची अट होती की शेवट देवीच्या गाण्यानं व्हावा. तुळजापूर आमच्याच जिल्ह्यात, कुलदैवत तिथलंच, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. सराव त्यांच्या धान्याच्या गोदामात ठरला. हंगाम संपला होता, पोती उचलली गेली होती आणि मोठी फरशी रिकामी होती.

मेडली बांधणं म्हणजे गाणी एकापुढे एक चिकटवणं, असं लोकांना वाटतं. तसं केलं की प्रत्येक जोडावर नाचणाऱ्या अडखळतात आणि पुढच्या दोन ओळी एकमेकींकडे बघण्यात जातात. मी आधी प्रत्येक गाण्याचे मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजते. पहिलं ब्याण्णवचं, दुसरं एकशेचारचं, तिसरं एकशेसोळाचं असं चढत्या क्रमानं लावते. गायकाचा आवाज फार ताणला की तो चिरका होतो, म्हणून आवाजाला हात लावत नाही. एक गाणं ओळ पूर्ण करून थांबलं की मधे नुसत्या ढोलकीचे चार आठ टाकते, म्हणजे आठ-आठ मात्रांचे चार घास, आणि त्या ढोलकीची गती थोडी थोडी चढवत पुढच्या गाण्याला नेऊन पोचवते. त्या चार आठांत अवघड स्टेप ठेवत नाही. नुसतं चालायचं, जागा बदलायच्या. पाय चालत असले की गती वाढलेली कळतही नाही.

देवीच्या गाण्याचा संबळ एकशेअठ्ठावीसवर होता. त्याची चाल निराळी. सिनेमातल्या गाण्यात एका ठोक्याचे दोन तुकडे होतात, संबळात तीन. मी मोठा ठोका तोच ठेवला आणि ढोलकीवर हळूच संबळ चढवला. घरी हेडफोन लावून ऐकलं तेव्हा जोड मलाच सापडेना. त्या संध्याकाळी मी स्वतःवर इतकी खूश होते की भाजी करपली.

दुसऱ्या सरावाला पहिल्यांदा सगळी मेडली सलग लावली. नवरीची चुलती मागच्या रांगेत होती. पन्नाशीची, उंच, अंगानं सडसडीत बाई. घरात सगळे तिला काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणू लागले होते. आठजणींत ताल सगळ्यात पक्का तिचा. आकडे ती मोजायचीच नाही, तरी पाय बरोबर पडायचे. त्या दिवशी तिसरं गाणं संपून ढोलकी सुरू झाली तशी तिची मान हलायला लागली. मला वाटलं, रंगात आली. संबळ लागला आणि तिचा अंबाडा सुटला. हात कमरेमागे गेले, डोळे मिटले आणि छातीतून हुंकार यायला लागला.

"बंद करा," कुणीतरी म्हणालं. मी स्पीकर बंद केला, तरी ती घुमतच होती. खुर्चीवर बसून सराव बघणारी तिची सासू, म्हणजे नवरीची आजी, उठली, घरातून हळदीकुंकू मागवलं, सुनेच्या कपाळाला लावलं आणि वाकून तिच्या पाया पडली. आमचं काही चुकलं असेल तर पदरात घे, असं म्हणाली. मग दोन्ही वहिन्या पाया पडल्या, आत्या पडली. काही वेळानं काकू खाली बसली, पाणी प्याली आणि अंबाडा बांधू लागली. काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, उठून चहा टाकायला गेली.

आमच्याकडे अंगात वारं येणं नवं नाही. नवरात्रात, यात्रेत, देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांच्या मेळ्यात बायका घुमतात आणि त्यात कुणी लाजत नाही. पण हे संगीत होतं. नवरीच्या सासरची माणसं पुण्याची, त्यांच्या हातात फोन असणार. नवरीच्या आईनं मला बाजूला घेतलं. ती शाळेत शिक्षिका, बोलणं मोजकं. जाऊबाईंना नाचातून काढू, त्या बाजूला उभ्या राहून फुलं टाकतील, असं ती म्हणाली. लोक हसले तर त्यांनाच वाईट वाटेल, हेही म्हणाली. तिच्या मनात खोट नव्हती. संबळच काढून टाकू, असं मी सुचवलं, पण ते नवरीच्या आजीला चालणार नव्हतं.

नवरीला हे कळलं तेव्हा ती रडली नाही, हट्टाला पेटली. आई शाळेत जायची तेव्हा तिला काकूनं वाढवलं होतं. वेणी काकूनं घातली, डबा काकूनं भरला, गॅदरिंगच्या दिवशी स्टेजमागे पिना काकूनं लावल्या. काकू नसेल तर नाचच नको, असं तिनं सांगितलं आणि आईशी बोलणं टाकलं. लग्नाला बारा दिवस राहिले होते आणि माझ्या जोड न दिसणाऱ्या मेडलीनं घरात मात्र उभी फट पाडली होती.

मला राग आला होता, तो मुख्यतः माझाच. आठ बायका नाचवायच्या तर त्या कोण आहेत हे आधी विचारायला हवं होतं. मी फक्त ठोके मोजले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. काकू एकटीच शेंगा फोडत बसली होती. मीही सूप पुढे ओढलं आणि तिला विचारलं की नाचताना नेमकं कधी सुरू होतं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. तिनं हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

"म्याडम, तुमचं गाणं चढतंच जातंय," ती म्हणाली. "यात्रंतबी तसंच असतंय. संबळ हळू हळू चढतो, कळतच न्हाय कधी चढला ते. मधी कुठं टेकायला जागाच न्हाय. मग म्या ऱ्हात न्हाय."

मी विचारलं, नाच सोडायचा आहे का?

"पोरीच्या लग्नात नाचावं वाटतंय," ती म्हणाली. "पर तुमी सगळ्या म्हणाल तसं."

मी घरी येऊन मेडली मोडली. ज्या गुळगुळीत चढणीचा मला तोरा होता तीच काकूला ओढून नेत होती. संबळ शेवटी ठेवायचाच नाही, असं ठरवलं. पण तो मधे आणला तर त्यानंतर गती उतरवायची कशी? चढणं सोपं, उतरणं महाकठीण. मन थांबलं तरी पाय पुढे धावतात आणि रांग विस्कटते. हळूहळू उतरवून पाहिलं तर नाच दमल्यासारखा वाटला. शेवटी लक्षात आलं की उतरायची गरजच नाही. एकशेअठ्ठावीसची निम्मी चौसष्ट. आईलेकीचं एक संथ गाणं मला नेमकं चौसष्टचं मिळालं. ठोका तोच, फक्त पाऊल एक सोडून एक ठोक्यावर टाकायचं. संबळानंतर ढोलकीचे चार आठ, त्यात ही निम्मी लय पकडायची, मग संथ गाणं आणि शेवटी पुन्हा दुप्पट करून मजेचं गाणं. आजीची समजूत नवरीनं काढली: देवीचा मान शेवटी तसा मधेही.

आता राहिली काकू. तिला मी पुढच्या रांगेत आणलं. निम्मी लय सुरू झाली की टाळी तिनं द्यायची आणि बाकीच्या सातजणींनी तिच्याकडे बघून पाऊल टाकायचं. म्हणजे संबळ वाजत असताना तिला रांगेवर डोळा ठेवावा लागणार होता. तिची टाळी चुकली तर सगळ्या चुकणार. नवरीच्या आईला हे वेडेपणाचं वाटलं आणि तिनं तसं सांगितलंही. सरावात दोनदा संबळावर काकूची मान हलली आणि दोन्ही वेळा तिनं टाळी देऊन स्वतःला आणलं. तिसऱ्यांदा टाळी राहिली. तेव्हा मी गाणं थांबवलं, आणि त्या दिवशी कुणावरही ओरडले नाही.

संगीताच्या संध्याकाळी हॉल भरला होता. मी साउंडवाल्याच्या शेजारी उभी, हात आवाजाच्या बटणावर. पहिले तीन जोड पाण्यासारखे गेले. मग संबळ लागला. आवाज गोदामातल्यापेक्षा चौपट मोठा, फळ्यांचा स्टेज थरथरत होता, याचा मी विचारच केला नव्हता. काकूचे खांदे हलायला लागले. मान एकदा फिरली. समोर पुण्याची मंडळी फोन धरून बसलेली, आणि तिची जाऊ, नवरीची आई, तिच्या शेजारीच नाचत होती, चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून. ढोलकी सुरू झाली. पहिला आठ टाळीशिवाय गेला. सातही जणी काकूकडे बघत जागेवर पाय हलवत होत्या. माझं बोट बटणावर दाबलं जाणार तेवढ्यात जावेनं हात लांब करून काकूचं मनगट धरलं. काकूनं डोळे उघडले, रांगेकडे पाहिलं आणि टाळी दिली. पहिली जरा उशिरा, दुसरी बरोबर ठोक्यावर. पावलं निम्मी झाली. पुढची दोन गाणी तिनं मान ताठ ठेवून, एकेक पाऊल मोजून नाचली. तिला मोजताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

खाली उतरल्यावर जो तो तिला शाबासकी देत होता. सासू म्हणाली, देवीआईनं सांभाळलं. जाऊ तिला पाण्याचा ग्लास देऊन गेली. मी जवळ गेले आणि पहिली टाळी उशिरा पडली तेव्हा माझा जीव कसा वरखाली झाला ते सांगितलं, म्हटलं आता संपलं, सुटलात.

"म्याडम, म्या लई नाचलेली हाय," ती म्हणाली. "तुळजापुरात नाचले, गावात नाचले. लोक पाया पडले म्हणं. त्यातलं मला एकबी ठावं न्हाय, समदं दुसऱ्यांनीच सांगितलेलं." तिनं ग्लास खाली ठेवला. "ह्यो नाच मला समदा ध्यानात हाय."