सरळ ठेवलं की वाजतं

जिन्याखालच्या त्या दुकानाला पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. दुकानदाराला सगळे ओकेभाऊ म्हणत. दुरुस्त केलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देताना तो तिच्यावर शेंगदाण्याएवढा हिरवा गोल कागद चिकटवायचा आणि 'ओके' म्हणायचा. हा शब्द तो अशा ठेक्यात म्हणे, की जणू न्यायाधीशानं हातोडा आपटावा. वीस वर्षं दुकान चाललं ते या एका शब्दावर. बाकी सोल्डरिंग सगळ्यांनाच येतं.

त्याचा हात चांगला होता, हे शत्रूही मान्य करतील. शत्रू म्हणजे पलीकडच्या गल्लीतला मोबाइलवाला. ओकेभाऊला फार आणि आधी बोलायचीही सवय होती. वस्तू उघडायच्या आधीच तो तिचा आजार सांगून टाके आणि बहुतेकदा तो खरा निघे. माणसाचं नुकसान करायला एवढं यश पुरेसं असतं.

आणखी एक सवय होती, पण ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. लोकांच्या कानातलं तो स्वतःच्या कानात घालत नसे. गळ्यातला इअरफोन, म्हणजे नेकबँड, दुरुस्तीला आला की बाकावर खवल्याखवल्याची रबरी चटई पसरायची, त्यावर पट्टा आडवा टाकायचा, गाणं लावायचं आणि कानात घालायची दोन्ही बोंडं चिमटीत धरून कानापासून चार बोटं लांब धरायची.

"दुसऱ्याचा घाम आणि दुसऱ्याचा मळ," तो बायकोला म्हणायचा. "आपल्याला आपला पुरे."

"चांगलंय," बायको म्हणायची. "लोकांच्या कानात काय चाललंय ते ऐकायला तुम्ही बसलात तर जेवायला कधी येणार?"

दुकानासमोर पाणीपुरवठ्याचं कार्यालय होतं. तिथल्या तक्रारींचा फोन एक ताई घ्यायच्या. त्यांना सगळे तक्रारताई म्हणत, आणि त्यांनी त्याची तक्रार कधी केली नव्हती. पंचावन्नच्या आसपास वय, नीटनेटक्या, वहीतलं अक्षर छापल्यासारखं. मुलीनं घेऊन दिलेला काळा नेकबँड त्या दिवसभर गळ्यात घालायच्या. दोन्ही हात मोकळे राहत, दोन्ही कानांत बोंडं असत आणि पाणी न आलेल्या माणसाचं म्हणणं त्या निमूट लिहून घेत.

एके दिवशी दुपारी त्या दुकानात आल्या आणि गल्ल्यासमोर जरा तिरक्या उभ्या राहिल्या, डावा खांदा पुढे करून. बाई गर्विष्ठ आहेत, समोर बघून बोलत नाहीत, असं ओकेभाऊनं मनात नोंदवलं.

"फोन आला की गळ्यात थरथरतं," ताई म्हणाल्या. "पण उचलला की आवाजच नाही. आणि मान वळवली की कधी कधी बंदच पडतं."

"बॅटरी," ओकेभाऊ म्हणाला. वस्तू अजून ताईंच्या हातात होती.

आणि खरंच तसं निघालं. नेकबँडच्या दोन टोकांना दोन डब्या असतात. या नगात उजव्या डबीत बोर्ड, बटणं आणि ती थरथरणारी छोटी मोटर होती, डावीत बॅटरी. डावी डबी उघडल्यावर बॅटरीची काळी तार सोल्डरच्या टाक्यापाशी सैल दिसली. चिमट्यानं हलवली की दिवा जायचा, सोडली की यायचा. ओकेभाऊनं तो टाका नव्यानं दिला, डबी बंद केली, पट्टा चटईवर आडवा टाकला, गाणं लावलं. दोन्ही बोंडं गाऊ लागली. हिरवा कागद लागला.

"ओके."

एक दोष सापडला की दुसरा शोधायचा कंटाळा येतो. हा माणसाचा स्वभाव आहे आणि कारागिराचा तर धर्मच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई परत आल्या. दुकानात तीन-चार माणसं होती. त्यांच्याच कार्यालयातला टपालवाला मोबाइलला काच लावून घेत होता.

"भाऊ, थरथरतं तेवढं. आवाज नाहीच."

ओकेभाऊनं नेकबँड घेतला, चटईवर सरळ केला, गाणं लावलं. गाणं वाजलं. त्यानं दोन्ही बोंडं चिमटीत उचलून सगळ्यांकडे फिरवली, जादूगार रिकामी टोपी दाखवतो तशी. "वाजतंय की. डावं वाजतंय, उजवं वाजतंय. कोणाला ऐकू येत नाही, हात वर करा."

ताईंनी तो उचलून गळ्यात घातला. दोन क्षण तशाच उभ्या राहिल्या. "नाही येत," त्या हळू म्हणाल्या.

"ताई, वस्तू ओके आहे," ओकेभाऊ म्हणाला. इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण दुकान भरलेलं होतं. "आता कान तेवढे तपासून घ्या. ते काम आमच्याकडे होत नाही."

लोक हसले. टपालवाला सगळ्यांत जास्त हसला. ताईंनी नेकबँड पिशवीत घातला, 'बरं' म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या.

पुढचे दीड महिने ओकेभाऊला त्यांची आठवण एकदाही आली नाही. याची त्याला नंतर जी लाज वाटली, ती मूळ चुकीपेक्षा फार कमी नव्हती.

दीड महिन्यानं टपालवाला तोच काळा नेकबँड घेऊन आला. हिरवा कागद अजून तसाच.

"हे तक्रारताईंनी मला दिलं. त्यांना आता लागत नाही. पण डाव्या बाजूनं मुकं आहे हे."

ओकेभाऊनं सवयीनं चटईवर आडवा टाकला. दोन्हीकडून गाणं आलं. "बघ. ओके."

"टेबलाला ऐकू येतंय, मान्य," टपालवाला म्हणाला. "मी टेबल नाही ना. गळ्यात घालून बघा."

"मी लोकांचं घालत नाही."

"माझे कान धुतलेले आहेत. हवं तर साबण दाखवतो."

वीस वर्षांत पहिल्यांदा ओकेभाऊनं दुसऱ्याचा नेकबँड गळ्यात घातला. पट्टा मानेमागे वाकला आणि डावा कान गप्प झाला. उजव्या कानात गायिका गात होती, डाव्यात कोणीच नव्हतं. त्यानं काढून पट्टा सरळ केला, बोंड कानाशी नेलं. गायिका आली. वाकवला, गेली.

त्यानं मीटर काढला, डाव्या कानाला जाणाऱ्या तारेच्या दोन टोकांना सुया लावल्या. पट्टा सरळ असताना मीटर अखंड पीं करत राहिला. मानेमागे वाकतो तिथे जरा दुमडला आणि पीं थांबली. बोर्ड उजव्या डबीत, म्हणून डाव्या कानाची तार सगळ्या पट्ट्यातून येते. ती केसासारखी तार आत तुटली होती. सरळ ठेवली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, वाकवली की सुटायची. चटईवर पट्टा कायम सरळच होता.

"ताई आता फोन घेत नाहीत का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

टपालवाला जरा चुळबुळला. "मी आपलं गंमत म्हणून सांगितलं हो ऑफिसात. दुकानात काय झालं ते. ते हेडक्लार्कच्या कानावर गेलं. ते म्हणाले, तक्रारीचा फोन आहे, कान तपासून आणा. ताई टाळत होत्या. शेवटी गेल्या."

"मग?"

"डावा एकदम चांगला निघाला. उजवा लहानपणापासून ठार बहिरा. तीस वर्षं कोणाला पत्ता नव्हता. आता त्या रेकॉर्डरूममध्ये असतात, तळघरात."

ओकेभाऊनं पट्टा चिरून तार काढली. तिच्यावर लाखेचा पातळ थर असतो, तो तापल्या टोकानं जाळल्याशिवाय टाका धरत नाही, म्हणून तो जाळला. नवी तार ओढली. हात स्थिर होता. याचं त्याला त्या वेळी फार वाईट वाटलं, कारण थरथरायचं असेल तर हीच वेळ होती. ताई तिरक्या का उभ्या राहायच्या, ते त्याला आता कळलं. 'डाव्या बाजूला येत नाही' एवढंच त्या का म्हणाल्या नाहीत, तेही. तसं म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मग उजव्या बाजूला येतंय का?

उद्यापर्यंत वाट पाहणं त्याला जमलं नाही. दुकान उघडं टाकून तो रस्ता ओलांडून गेला आणि आधी हेडक्लार्कसमोर उभा राहिला. चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताईंच्या कानाचा दोष नव्हता. माझ्या कामाचा होता. तार तुटली होती, मी पाहिली नाही."

हेडक्लार्क सज्जन होता, म्हणजे त्यानं फाईल उघडून दाखवली. "अहो, डावा कान चांगला आहे हे रिपोर्टमध्ये लिहिलेलंच आहे. प्रश्न उजव्याचा आहे. तो तुमच्या तारेनं बिघडला का?"

"नाही."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"त्या तीस वर्षं फोन घेत होत्या," ओकेभाऊ म्हणाला. "एक तक्रार चुकीची लिहिली असेल तर दाखवा."

"मी वर लिहून पाहतो," हेडक्लार्क म्हणाला. हे वाक्य त्या कार्यालयात रोज दहा जणांना सांगितलं जात असे.

तळघरात कपाटांच्या रांगेत ताई टेबलाशी बसल्या होत्या. ओकेभाऊ समोरच्या स्टुलावर बसून बोलू लागला, तशा त्यांनी मान किंचित तिरकी केली. तो उठला, स्टूल उचलून त्यांच्या डाव्या बाजूला ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चटई, तार, वाक.

ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "मला वाटलंच होतं यंत्रच असेल," त्या म्हणाल्या. "घरी फोन नुसता कानाला लावला की नीट ऐकू यायचं. पण तुमच्याशी भांडायचं तर किती सांगावं लागलं असतं. इतके दिवस सांभाळलेलं."

"मी वर सांगून आलो."

"ते काय म्हणाले? लिहून पाहतो?"

"हो."

ताई जराशा हसल्या. "इथं शांत आहे तसं. पाणी नाही म्हणून कोणी ओरडत नाही. फायली ओरडत नाहीत." समोरची फाईल मिटत त्या म्हणाल्या, "सवय होत नाही पण."

त्यानं नेकबँड पुढे केला. हिरवा कागद त्यानं येतानाच खरवडून काढला होता, तिथं चिकट डाग राहिला होता. "टपालवाला म्हणाला, तुमचा तुम्हालाच द्या."

"आधी तुम्ही घाला," ताई म्हणाल्या.

त्यानं गळ्यात घातला. ताईंनी स्वतःच्या मोबाइलवर गाणं लावलं आणि त्याला शाळेत मास्तरीण सांगते तसं सांगितलं, मान डावीकडे, उजवीकडे, खाली, वर. तो वळवत गेला. गाणं कुठेच तुटलं नाही.

"येतंय?"

"येतंय."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे," तो म्हणाला, आणि पुढचा नेहमीचा शब्द तोंडातच ठेवून नेकबँड उतरवला.