दहा, एकवीस, चाळीस

आमच्या डिप्लोमा कॉलेजात सी भाषेचा 'आउटपुट काय येईल' हा प्रश्न आम्ही कधीच टाइप करून देत नाही. कोडचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो ऑनलाइन परीक्षेत चिकटवायचा. मजकूर दिला की मुलं कॉपी करून दुसऱ्या खिडकीत, कोड चालवून दाखवणाऱ्या कंपायलरला खायला घालतात आणि उत्तर आणतात. चित्र कॉपी करून चालवता येत नाही. ही युक्ती माझीच होती आणि तिचा मला बराच अभिमान होता.

मुलं काही कमी नाहीत. त्यांनी मागच्या वर्षीचे स्क्रीनशॉट आणि त्यांची उत्तरं ग्रुपवर जमवून ठेवली होती. हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांबा, दाखवते. जुनाच कोड उघडला, दुसऱ्या छापायच्या ओळीत *++p होतं त्याचं ++*p केलं आणि नवा स्क्रीनशॉट घेतला. लांबून बघणाऱ्याला दोन्ही चित्रं सारखीच दिसतील, पाठांतरवाले तोंडावर पडतील आणि मी स्टाफरूममध्ये बसून हसेन, असा बेत होता.

ही परीक्षा साधी नव्हती. पुण्याची एक कंपनी मुलाखतींना येणार होती आणि पंचवीसपैकी अठरा गुण मिळवणाऱ्यांचीच नावं पाठवायची असं ठरलं होतं. यादी दुपारी चारला विभागप्रमुख सर मेलने पाठवणार होते. निकाल दोनला लागला आणि अडीचला ती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. देवरूखच्या बाजूची, रोज एसटीने येणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिला सतरा होते, प्रश्नाला एक गुण, म्हणजे एकाच प्रश्नाने हुकली होती.

"मॅडम, अकरावा प्रश्न एकदा बघाल काय?" एवढंच म्हणून तिने कच्च्या कामाचा कागद पुढे केला.

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, लॅब बंद होती, इन्व्हर्टरवर एकच पंखा चालत होता आणि माझ्यासमोर प्रॅक्टिकलच्या वह्यांचा ढीग होता. तिच्याआधी चौघं गुण वाढवून मागायला येऊन गेले होते. मी कागदाकडे नीट पाहिलंही नाही. मोबाइलवर उत्तरतालिका उघडली, अकराव्यासमोर १० ३० ५० होतं, ते तिला दाखवलं आणि वर सुनावलं. वर्गातल्या बऱ्याच जणांना जे जमलं ते तुला जमलं नाही तर दोष कोडचा नाही, पॉइंटर समजला नसेल तर तसं कबूल करावं, यादीच्या दिवशी माझ्याशी घासाघीस करू नये. कागद टेबलावरच ठेवून ती गेली.

वह्या तपासताना तो कागद सारखा हाताखाली येत होता. सव्वातीनच्या सुमारास चहा आला, तेव्हा कप ठेवायला जागा करावी म्हणून मी तो उचलला आणि नजर त्यावर थबकली.

तिने पाच चौकोन काढले होते. आत १०, २०, ३०, ४०, ५०. खाली पत्ते: १०००, १००४, १००८, १०१२, १०१६. इंटला, म्हणजे पूर्णांकाला, चार बाइट जागा लागते, म्हणून चार-चारच्या उड्या. बाजूला p चा वेगळा चौकोन, त्यात १०००. पॉइंटर म्हणजे दुसरं काही नसतं, घराचा पत्ता लिहून ठेवलेली चिठ्ठी. आणि समोर तारा (*) लावला की त्या पत्त्यावर जाऊन घरात काय आहे ते बघायचं. हे मी दरवर्षी फळ्यावर सांगते. तिने ते जसंच्या तसं केलं होतं.

पहिली ओळ, *p++. १००० वर जे आहे ते छापलं, दहा. मग ++ म्हणजे एकाने वाढव, म्हणून चिठ्ठीवरचा पत्ता एक घर पुढे सरकला, p झाला १००४. इथवर माझं आणि तिचं एकच.

दुसरी ओळ, ++*p. तिने लिहिलं होतं: आधी १००४ वर जा, तिथे वीस आहे, त्या विसात एक मिळव. २० खोडून चौकोनात २१ केलं होतं. छापलं एकवीस. आणि खाली अधोरेखित: 'p हलला नाही'.

मी मोबाइलवरची तालिका पुन्हा काढली. *++p असतं तर आधी पत्ता हलला असता, p १००८ वर गेला असता, तीस छापलं असतं. पण ते मागच्या वर्षीचं चित्र. या वर्षी ते मीच बदललं होतं.

तिसरी ओळ, *(p+2). p अजून १००४ वरच, अधिक दोन म्हणजे दोन घरं, आठ बाइट, १०१२. तिथे चाळीस. १० २१ ४०.

तरी माझं मन मानेना. वीस वर्षं शिकवतेय, कुठेतरी हिचंच चुकलं असेल, असं वाटत राहिलं. मोबाइलवर कंपायलर उघडला आणि कोड अंगठ्याने एकेक अक्षर टाइप केला, कारण स्क्रीनशॉट मलाही चालवता येत नव्हता. दोनदा अर्धविराम राहिला. मग आलं: 10 21 40.

चित्र मी बदललं होतं आणि तालिका मागच्या वर्षीचीच चिकटवली होती. ज्यांनी पाठ केलं त्या सगळ्यांना गुण मिळाले होते. जिने मोजलं तिचा गेला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

चारला बारा मिनिटं होती. मी कागद घेऊन सरांच्या केबिनकडे धावले. मेल लिहून तयार होता. मी सांगितलं, त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, मुलीची लेखी तक्रार आहे का. म्हटलं, नाही, मीच तिला हाकलून दिली. मग बाकीच्यांचं काय, असं त्यांनी विचारलं. तालिका दुरुस्त केली तर काठावरची दोन मुलं खाली येत होती आणि ती मुलं माझ्याशी पुन्हा धड बोलणार नाहीत हे मला दिसत होतं. आत्ता गप्प बसलात तर कुणाला कळणारही नाही, असं सर हळूच म्हणाले. वाईट मनाने नव्हे, माझ्या काळजीनेच.

"सर, तिला कळलेलं आहे," मी म्हटलं.

तीन छप्पनला दुरुस्त यादी गेली. मी व्हरांड्यात येऊन मुलीला फोन लावला. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा लागला. एसटीचा खडखडाट येत होता, हातखंब्याच्या पुढे गेले म्हणाली. मी भराभर सांगून टाकलं, की तुझं उत्तर बरोबर आहे, तालिका माझी चुकली होती, तुझं नाव यादीत गेलंय, आणि तुला जे बोलले त्याबद्दल माफ कर.



"मॅडम," ती म्हणाली, "मी मघाशीच बाबांना फोन केला. म्हटलं, मला ह्यातलं काय कळत नाय, उगाच तीन वर्षं घालवली."

ते शब्द तिचे नव्हते. अडीच वाजता मी ते तिच्या हातात दिले होते आणि तिने ते, माझ्यावर विश्वास ठेवून, घरी पोचवलेही होते. मी तिच्याकडे तिच्या बाबांचा नंबर मागितला.