कानामागची जागा

माझी धाकटी जाऊ पौर्णिमा कामरगावात पार्लर चालवते, आणि तिच्याइतकी हट्टी बाई मी उभ्या तालुक्यात पाहिली नाही. चंदनाचा लेप लावायला कोणी आलं की आधी कानामागे बोटाएवढा लावणार आणि उद्या या म्हणणार. मग ती नवरी असो की सरपंचाची सून. "अवं, गिऱ्हाईक पळवून लावतं तू," मी किती वेळा डोकं फोडलं.

"तोंड त्यायचं हाये ताई, आपलं नाही," ती म्हणायची. आता बोला.

तेलकट चेहऱ्याला ती चंदनात मुलतानी माती मिसळते, गुलाबजलात कालवते आणि लेप पुरता वाळायच्या आत धुते. नाजूक कातडीला माती नाहीच. नुसतं चंदन आणि वरून वास न घातलेलं गुलाबजल, तेही कानामागे काही उठलं नाही तरच.

आमच्या गल्लीतल्या लिलाबाईची यशोधरा फार नाजूक कातडीची. वरून वास घातलेल्या गुलाबजलात कालवलेलं चंदन तिच्या कानामागे लावलं तर दहा मिनिटांत लालभडक गांधी उठल्या. पोरीच्या हट्टापायी महिन्याभरानं पुन्हा लावून पाहिलं, तर पुन्हा तेच. तिच्यासाठी पौर्णिमानं ते गुलाबजल कायमचं बंद केलं.

ही यशोधरा भादव्यात तापानं गेली. बावीस वर्षांची पोर हो! वाशीमच्या दवाखान्यातून सकाळी तिला घरी आणलं. आम्ही दोघी गेलो तेव्हा घर बायकांनी भरलं होतं आणि फक्त लिलाबाई तेवढी रडत नव्हती. पौर्णिमाला पाहिल्याबरोबर तिनं तिचं मनगट धरलं.

"ते वासाचं गुलाबजल आण. चंदनात कालव अन् तिच्या कानामागं लाव."

"काहून मावशी?"

"जिती असंन तर लाल होईन."

मला रागच आला, खोटं कशाला बोलू. असं कोणी सांगतं का? मी पौर्णिमाला चिमटा काढून घरी चल म्हणून खुणावलं. लिलाबाईनं ते पाहिलं. "डॉक्टर माह्या ओळखीचा नाही. ही पोट्टी ओळखीची हाये. हिनं सांगतलं त मी मानीन. नाही त पोरीले उचलू देणार नाही."

दारात पोरीचा बाप इंद्रभान उभा होता. तो खाली मान घालून म्हणाला, "आण माय."

पौर्णिमानं वाटी आणली, चमचाभर चंदन कालवलं. पोरीचे केस कानावरून मागे घेतले आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "थंड लागंन हं." खोलीतल्या सगळ्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं.

मग आम्ही वाट पाहत बसलो. पंखा बंद होता. गुलाबाचा वास खोलीभर दाटला. दहा मिनिटं झाली तसा पौर्णिमानं ओल्या कापसानं लेप पुसला.

कानामागची जागा लाल होती.

देवाशपथ सांगते, मी पाहिली. गालापर्यंत लाली चढली होती. एक बाई भिंतीला टेकली. लिलाबाई पोरीच्या तोंडाजवळ वाकून हाका मारायला लागली, "यशू, ऊठ व." आणि मला, एवढ्या मोठ्या बाईला, वाटलं की ही आता खरंच ओ देणार.

पौर्णिमा उठली. खिडकीच्या लाल पडद्यावर ऊन आलं होतं, तो तिनं बाजूला सारला. उजेड पांढरा झाला आणि लाली गेली. गाल पिवळट होता, कानामागची जागाही तशीच.

"थांब," लिलाबाई म्हणाली. "तूच म्हणतं ना, कोणा कोणाचं दुसऱ्या दिवशी उठते. चोवीस तास थांबा म्हणतं. आता काहून घाई करून राह्यली?"

आयुष्यात कोणाला एक तास कमी केला नव्हता पौर्णिमानं. बाहेर माणसं खोळंबली होती. पौर्णिमा खाली बसली आणि तिनं लिलाबाईचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

"कोणाचं उठते दुसऱ्या दिवशी, मावशी. इचं दहा मिनिटात उठे. दोन्ही वेळा." "आता नाही उठत."

लिलाबाईनं बोट बराच वेळ तिथून काढलं नाही. मग वाटी उचलून पौर्णिमाच्या हातात दिली.

"मंग आता सगळ्या तोंडाले लाव. लय आवडे तिले हा वास. आता काही होत नाही तिले."

तेव्हा कुठं लिलाबाई रडली. पौर्णिमानं कपाळापासून लेप लावायला घेतला, आणि डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळ्यांभोवतीची जागा सोडत गेली.