उसने डोळे

“हे माझे बाबा नव्हेत. पुसा.”

“बुधे, अहो नीट बघा तरी! चष्मा लावा आधी.”

“चष्मा लावूनच बघतेय. मी टेंपेवाली असले तरी आंधळी नाही. पाक वार्दोयो, हे डोळे काढून टाका.”

“पाक, अजिबात काढू नका. अल्बम सोमवारी छापायला जायचाय.”

फोटोवाल्या वार्दोयोने (त्याला सगळे मानाने ‘पाक’ म्हणत) माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. दोन बायका भांडायला लागल्या की हात मांडीवर ठेवायचा, हे तो चाळीस वर्षांत शिकला होता. नवरीचा रंग उजळ करायचा की नको यावर सासू आणि आई याच काउंटरवर भांडल्या होत्या. पण आजचं भांडण रंगाचं नव्हतं.

क्लातेन गावाच्या बाजारामागच्या गल्लीतलं त्याचं दुकान म्हणजे एक काचेचं दार, दोन खुर्च्या, एक स्कॅनर आणि एक जुना कॉम्प्युटर. रमजानचे शेवटचे दहा दिवस होते. दुपारचे तीन वाजलेले, तिघांचेही ओठ सुकलेले. पडद्यावर एक जोडपं बसलं होतं. बाई काठाची कबाया, म्हणजे लांब बाह्यांची चोळी, घातलेली, मांडीवर हात. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. फोटो एकोणीसशे त्रेसष्टचा. दोघींतल्या तरुण एंदाहचे आजोबा, समिदी. गावातल्या शाळेत मास्तर आणि रात्री केतोप्राक नाटकात राजाची कामं करणारे. पासष्ट साली लष्कराने कम्युनिस्ट ठरवून माणसं उचलली, तेव्हा सैनिक त्यांनाही घेऊन गेले, त्यानंतर ते कुणालाच दिसले नाहीत.

एंदाह तीन आठवड्यांपूर्वी हा फोटो घेऊन आली, तेव्हा समिदीला तोंडच नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसते पांढरे ओरखडे. उरलेला फोटो पिवळट पडलेला, मधोमध घडीची रेघ.

“बाबांनी आयुष्यभर स्वतःच्या बापाचा चेहरा बघितला नाही, पाक,” ती म्हणाली होती. “आजोबांना नेलं तेव्हा ते आजीच्या पोटात होते. गेल्या वर्षी बाबा गेले. यंदा आमच्या त्राहच्या अल्बममध्ये आजोबांचं पान हवंय. चेहऱ्यासकट.”

एका पूर्वजाची सगळी पिलावळ म्हणजे त्राह. ईदनंतरच्या मेळाव्याला सगळ्या फांद्या जमतात, अल्बम हातोहात फिरतो, नव्या पोरांना कोण कुणाचा ते दाखवलं जातं. पन्नास वर्षं त्या अल्बममध्ये समिदीच्या नावापुढे काहीच नव्हतं. वार्दोयोने मान हलवली आणि फोटो हातात घेतला.

खरं तर अशा कामाची त्याला सवय होती, पण उलट्या बाजूने. सोळाव्या वर्षी तो लिम बाबांच्या स्टुडिओत लागला. सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर देवीचे व्रण भरायचे, जिभेवर ओली केलेल्या ब्रशाने फोटोवरचे पांढरे ठिपके बुजवायचे. (“रोज्यात ब्रश चाटलास तर रोजा मोडतो का रे?” लिम बाबा दर रमजानला विचारायचे आणि स्वतःच हसायचे.) त्या काळात लोक शाळेचे, लग्नाचे, नाटकमंडळींचे फोटो घेऊन यायचे. त्याच्यापायी आपण अडकू नये म्हणून एका माणसावर बोट ठेवून हळूच म्हणायचे, “याला काढा.” वार्दोयो पात्याने तो माणूस खरवडायचा आणि त्या जागी काहीतरी रंगवायचा. पडदा, खांब, बहुतेक वेळा केळीचं झाड. त्या जिल्ह्यातल्या किती घरांत, किती माणसांच्या जागी त्याच्या हातची केळीची झाडं उभी आहेत, हे त्याने कधी मोजलं नाही. कोण होता हा, हेही कधी विचारलं नाही. “चेहऱ्याला काही विचारायचं नाही,” लिम बाबा म्हणायचे, “उजेड कुठून येतोय तेवढं बघायचं.”

म्हणून हे काम त्याने जीव ओतून केलं. फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीत स्कॅन केला. फोटोतली विटलेली चांदी पिवळी पडते आणि ती पिवळी झाक स्कॅनच्या निळ्या थरात सगळ्यात गडद उमटते. त्या थरातून समिदीच्या सदऱ्याची बटणं परत आली, त्याच्या बायकोच्या केसातला आकडा परत आला. घडीची रेघ त्याने कणाकणाने बुजवली. तोंडापाशी मात्र थांबला. ओरखडा खोल गेला की वरचा थरच निघून जातो, खाली नुसता कागद. तिथून काढायला काही उरत नाही. तिथे उसनं आणावं लागतं.

आणि उसनं आणायचा त्याचा एक नियम होता, ज्याचा त्याला अभिमान होता. परक्याचे डोळे लावायचे नाहीत. मुलाचे घ्या, भावाचे घ्या, पण रक्ताचे घ्या.

“तुमच्याकडे त्यांच्या भावाचा तरुणपणीचा फोटो आहे का?” त्याने विचारलं होतं.

एंदाह दुसऱ्या दिवशी छोटा ओळखपत्राचा फोटो घेऊन आली. म्बाह कार्सो, म्हणजे कार्सो आजोबा, समिदीचे धाकटे भाऊ. आता पंच्याऐंशीचे, त्राहचे प्रमुख. वार्दोयोने तो मोठा केला, त्यात उजेड उलट बाजूने होता म्हणून आरशासारखा फिरवला, दोन डोळे, नाक आणि ओठाची वरची कड उचलली, समिदीच्या तोंडावर बसवली. कागदाचे दाणे जुळवले. चार दिवस लागले. शेवटी पडद्यावरून एक माणूस बघायला लागला, आणि वार्दोयो एकटाच “या, बसा” असं पुटपुटला.

आज तो माणूस बघायला एंदाह आपल्या मोठ्या आत्याला, बुधे लासियेमला, घेऊन आली होती. आणि बुधेने बसायच्या आधीच “पुसा” म्हटलं होतं.

“नाक चालेल,” बुधे आता म्हणाली. केळीच्या पानात टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, बांधून बांधून वाकलेलं तिचं बोट पडद्याच्या अगदी जवळ गेलं. “नाक असंच होतं. डोळे नाही.”

“तुम्ही सात वर्षांच्या होतात, बुधे! सात वर्षांच्या पोरीला काय आठवणार?”

“सात वर्षांच्या पोरीला सगळं आठवतं. विसरायचं कसं ते अजून शिकलेली नसते.”

“अहो पण हे डोळे कुठून आलेत माहितेय का? परके नाहीत काही! म्बाह कार्सोंचे आहेत. दोघं भाऊ जुळे वाटायचे, सगळा गाव म्हणतो. म्बाह कार्सोंनी स्वतः पेटी उघडून फोटो काढून दिला मला. ‘माझे घे,’ म्हणाले, ‘आम्ही एकसारखेच दिसायचो.’ रडले हो ते! पन्नास वर्षं कुणी आजोबांचं नाव घेत नव्हतं, त्यांनी पान दिलं. आणि तुम्ही...”

बुधेने खुर्ची ओढली आणि बसली. इतका वेळ उभी राहून भांडणारी बाई बसली की काहीतरी बिघडलंय, हे वार्दोयोला कळलं.

“त्याने दिला,” ती म्हणाली. “स्वतःहून.”

“हो!”

“रडला.”

“हो म्हणतेय ना.”

वार्दोयोला काहीतरी बोलणं भाग वाटलं. दुकान त्याचं होतं. “बू,” तो आदराने म्हणाला, “माझं चुकलं असेल तर सांगा. मला वाटलं, कुणीतरी रागाने ओरबाडलंय, तर निदान घरच्याच माणसाच्या हातून भरलेलं बरं.”

“रागाने?”

“असे फोटो बघितलेत मी. लोक रागाने ओरबाडतात. पण...” तो थांबला. हे त्याला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. फोटो दिव्याखाली तिरका धरला होता तेव्हा ओरखड्यांच्या कडा उभ्या राहिल्या होत्या. “पण या रेघा बारीक आहेत. आखूड. शाळेत अक्षर गिरवावं तशा. आणि बाईंच्या खांद्याशी येऊन थांबल्यात. रागाचा हात थांबत नाही.”

बुधेने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

“माझ्या हाताच्या आहेत,” ती म्हणाली.

एंदाहच्या हातातला मोबाइल खाली गेला.

“सैनिक घराघरांतले फोटो हातात घेऊन माणसं ओळखत फिरतायत, असं शेजारणीने येऊन सांगितलं. बाबा मागे भाताच्या कणगीत लपून बसलेले. आईने हा भिंतीवरून काढला. जाळायला चुलीपाशी नेला आणि परत आणला. एकच फोटो होता तिच्याकडे. तिने केसातला आकडा काढून माझ्या हातात दिला. ‘तुझी बोटं बारीक आहेत,’ म्हणाली. ‘तोंड घालव. हात राहू देत. मला धक्का लावू नकोस.’ मी जीभ बाहेर काढून, एकेक रेघ मारली. डोळ्यांपासून सुरुवात केली, कारण ते माझ्याकडे बघत होते. आई म्हणाली, ‘शाबास. आता त्यांना कळणार नाही हे कोण.’”

बाहेरून बर्फवाल्याची गाडी गेली. संध्याकाळच्या सरबतासाठी बर्फ फोडल्याचा आवाज आला.

“मग?” एंदाहने विचारलं. आवाज उतरला होता.

“मग ते आले. भिंतीवर परत लावलेला हा फोटो त्यांनी बघितलाच नाही. त्यांना लागलाच नाही गं. ओळख पटवायला माणूसच सोबत आणला होता. डोक्यावर पोतं, डोळ्यांना दोन भोकं. तो काही बोलला नाही. सरळ कणगीपाशी गेला आणि बोट दाखवलं. परक्याला आमची कणगी कुठे ते माहीत नव्हतं.” तिची नजर पडद्यावर गेली. “तोंड झाकलेलं होतं. मला फक्त डोळे दिसले.”

वार्दोयोने पडद्याकडे बघायचं टाळलं. पण चार दिवस त्याने तेच दोन डोळे मोठे करून बघितले होते, पापणीचा केस न् केस बसवला होता. ते त्याला बंद डोळ्यांनीही दिसले. त्याचा हात मांडीवरून उठला आणि माउसवर गेला. चेहऱ्याच्या थरापुढची खूण काढली. डोळे गेले, नाक गेलं, ओठ गेले. स्वच्छ धुतलेल्या सदऱ्याच्या वर, नीट विंचरलेल्या केसांच्या खाली, पुन्हा बारीक, आखूड पांढऱ्या रेघा उमटल्या.

“हे,” बुधे म्हणाली. “हे आमचं आहे. बाकी सगळं छान केलंत तुम्ही, पाक. आईचा आकडासुद्धा आणलात. एवढं असंच राहू द्या.”

“असं अल्बममध्ये?” एंदाहला रडू फुटलं होतं आणि रागही आला होता, दोन्ही एकदम. “बुधे, माझी पोरं विचारतील, आजोबांना तोंड का नाही. मी काय सांगू? बाबा चेहरा बघायचा म्हणत म्हणत मेले, आणि...”

“तुझ्या बाबाला मी कधी सांगितलं नाही. दर ईदला तो त्या माणसाच्या पाया पडायचा. गुडघ्यावर बसून, हात जोडून, ईदला धाकटे वडीलधाऱ्यांची मागतात तशी माफी मागायचा. मी बाजूला बसून बघायचे.”

“कुठल्या माणसाच्या?”

बुधेने काउंटरवरचा मूळ फोटो उचलला, रुमालात गुंडाळला, कबायाच्या आत ठेवला. शेजारी म्बाह कार्सोंचा ओळखपत्राचा तो छोटा फोटो पडला होता. तिने तो एका बोटाने उलटा केला, पालथा, आणि बोट कबायाला पुसलं.

“बुधे. कुठल्या माणसाच्या? कोण होता तो? सांगा ना!”

काचेचं दार उघडलं. बुधे लासियेमने पायरीवरच्या चपलांत पाय सरकवले, एक सरळ बसली, दुसरी वाकून हाताने नीट केली, आणि बाजाराच्या दिशेने चालायला लागली.