चांदीचा सेफ्टी वॉल्व्ह

कुकर बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसांनी आयुष्यात कधी वरण शिजवलेलं नसतं, हे मला त्यांचं पहिलं माहितीपुस्तक हातात आलं तेव्हाच कळलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बी.एस्सी. होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत घर सांभाळत होते. आमच्या गल्लीतल्या छापखान्याच्या मालकांनी एक दिवस दारात उभं राहून विचारलं, "वैनी, तुमचं सायन्स झालंय न्हवं? ह्ये कुकरचं इंग्रजी मराठीत करून देता काय? आधीचं कुणी केलंय देव जाणे, कंपोज करताना माझ्याच माणसाला घाम फुटलाय."

आधीचं मराठी मी वाचलं. 'उपकरणातील बाष्पदाब पूर्णतः क्षीण झाल्याविना आच्छादन विलग करू नये.' आता हे कुणी, कुणासाठी लिहिलं होतं? ज्या बाईच्या कडेवर मूल आहे, एका हातात झारा आहे आणि दारात दूधवाला उभा आहे, तिनं हे वाचायचं? लिहिणारा विद्वान असेल, पण स्वयंपाकघरात गेला असेल तो फक्त जेवायला. मी लिहिलं, 'आतली वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नका. शिट्टी हलकेच उचलून बघा, फुस्स आवाज आला तर अजून थांबा.' डाळीसाठी लिहिलं, 'कुकर निम्म्याच्या वर भरू नका. फेस वर चढतो आणि शिट्टीची नळी तुंबते. दर वेळी झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा.' मालक खूश झाले. पुढं मिक्सर आले, बऱ्याच वर्षांनी इंडक्शन शेगड्या आल्या, त्यांचीही पुस्तकं माझ्याकडंच आली. पण मला सांगायचंय ते कुकरचं.

कुकरच्या झाकणावर शिट्टीपासून जरा लांब एक बटणाएवढा भाग असतो. बायका त्याला सेफ्टी वॉल्व्ह म्हणतात, कंपनीही तेच म्हणते. त्याच्या मधोमध एक मऊ धातू भरलेला असतो. पाणी आटलं किंवा नळी तुंबली की आतली उष्णता वाढत जाते, तो धातू वितळतो, भोक मोकळं होतं आणि कोंडलेली वाफ तिथून निघून जाते. वरण छताला लागतं, पण माणूस वाचतो. वितळणं हेच त्याचं काम. इंग्रजी पुस्तकात मात्र एवढंच होतं की वॉल्व्ह गेला तर कंपनीचाच अस्सल वॉल्व्ह बसवा. का, ते नव्हतं. मी दोन वाक्यं पदरची घातली: 'हा वॉल्व्ह मुद्दाम वितळणारा केलेला असतो. तो वितळला नाही तर कुकर फुटेल, म्हणून त्यात दुसरा कुठलाही धातू भरू नका.'

कंपनीचे साहेब पुण्याहून छापखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कोल्हापूर म्हणजे फक्त मिसळ असा चेहऱ्यावर भाव. त्यांनी लाल पेनानं माझ्या दोन्ही वाक्यांवर काट मारली.

"मॅडम, वितळतो असं कसं छापायचं? गिऱ्हाईक म्हणेल, यांचा माल कच्चा. आणि फुटेल हा शब्द तर आमच्या पुस्तकात चालतच नाही."

"अहो, पण तो वितळायलाच हवा. ते कळलं नाही तर लोक वाट्टेल ते भरतील त्यात."

"लोकांना सूचना द्यायच्या असतात, कारणं नाही. कारणं दिली की लोक वाद घालतात."

उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले, पण या गृहस्थांनी शेळीही कधी पाहिली नसावी. घरी कुकर कोण लावतं असं मी विचारलं, तर म्हणाले, "मिसेस बघते ते सगळं." पुस्तक माझ्या त्या दोन वाक्यांशिवाय छापलं गेलं.

त्यानंतर लवकरच मी हुपरीला अक्काकडं गेले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या सासरी घरातच पैंजणांचा कारखाना. पुढच्या सोप्यात भट्टी, फुंकणी, चिमटे, आणि मागं स्वयंपाकघर. आम्ही जैन. तिच्या सासऱ्यांचं व्रत होतं, सूर्य मावळायच्या आत जेवण. मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळं संध्याकाळी त्या घरात अक्काची नुसती धावपळ. कारागीर धरून सगळ्यांचा स्वयंपाक, म्हणून कुकर गळ्यापर्यंत भरायचा आणि गॅस मोठा. डाळ उतू जाऊन नळी तुंबायची आणि वॉल्व्ह उडायचा. हे वारंवार व्हायचं.

त्या दिवशी ओट्यावरचं झाकण बघितलं आणि मी जागच्या जागी थांबले. वॉल्व्हच्या मधोमध करडा धातू नव्हता. पांढरंशुभ्र काहीतरी चकाकत होतं, पॉलिश केलेलं.

"हे काय गं, अक्का?"

"ह्यांनी भरून दिलंय. आता उडतच न्हाय बघ." तिच्या आवाजात सुटकेचा आनंद होता.

दाजी बाहेरून हात पुसत आले. "चांदीनं झाळलंय, मेव्हणीबाई. कंपनीवाली शिसं भरत्यात, मग जाणारच की दर म्हयन्याला. ह्ये आता नातवंडांपतूर टिकतंय. गल्लीत सगळ्यांस्नी करून दिलंय मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाचा जन्म धातू वितळवण्यात गेला, त्याला मी काय सांगत होते? "दाजी, शिसं आधी वितळतं का चांदी?"

"शिसं की. पोराला बी कळतंय."

"मग शिट्टी तुंबली तर वाफ जाईल कुठून? आधी कुकर फुटेल, तुमची चांदी हलायची नाही."

"तेच म्हणतोय न्हवं का मी, हलायची न्हाय!" ते हसले. "ती शिट्टी कशाला हाय? अवो, तुमी पुस्तक लिवता कुकरचं. त्यात कुठं लिवलंय चांदी घालू नका म्हणून? छापल्यालं दावा, लगीच काढतो."

पुस्तक तिथंच फडताळावर होतं, माझं. त्यात लिहिलं होतं, कंपनीचेच अस्सल भाग वापरा. दाजींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "म्हंजे धंदा." खरं सांगते, त्या एका ओळीवरून मीही दुसरं काही समजले नसते. पुण्याचा साहेब म्हणत होता वितळतं ते कच्चं, आणि हुपरीचे दाजीही तेच म्हणत होते. एकानं पेन चालवलं, दुसऱ्यानं फुंकणी. दोघांत कोण जास्त मूर्ख, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी पाना घेतला, वॉल्व्ह फिरवून काढला आणि पर्समध्ये टाकला. अक्का ओरडली, "अगं, सूर्य मावळाय आलाय! मामंजींचं काय?" त्या दिवशी वरण पातेल्यात शिजत राहिलं आणि सासरे सूर्य मावळायच्या आत नुसतं पाणी पिऊन झोपले. अक्का मला सोडायला एसटी स्टँडवर आली नाही. कुणाच्या घरात जाऊन कुकर मोडून येणारी बहीण मिरवण्यासारखी नसते, हे मला कळत होतं. पण तो वॉल्व्ह झाकणात ठेवून मला परतता आलं नसतं.

साहेब पुन्हा आले तेव्हा मी तो वॉल्व्ह त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. "लोक हे करतायत. आता तरी ती दोन वाक्यं छापा."

त्यांनी तो उजेडात धरला. "वा! काय सफाई आहे कारागिराची." मग हसत म्हणाले, "काळजी नको. असं केलं की वॉरंटी संपली. आपल्यावर काहीच येत नाही." आणि नव्या आवृत्तीत त्यांनी खरोखरच एक वाक्य वाढवलं: बाहेरून दुरुस्ती केल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. ते मात्र ठळक टायपात. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून छपाईचं ट्रेडल मशीन सुरू केलं.

मी ती दोन वाक्यं स्वतःच्या अक्षरात लिहून अक्काला पाठवली. दाजींनी निरोप धाडला, "मेव्हणीबाईंनी रागानं लिवलंय." हातानं लिहिलेलं म्हणजे राग, छापलेलं म्हणजे खरं. त्यांनी दुसरा वॉल्व्ह झाळला आणि तो आधीच्यापेक्षा देखणा निघाला.

कुकर फुटला तो असाच एका संध्याकाळी, सूर्य डोंगराला टेकताना. तुरीच्या डाळीचं साल नळीत अडकलं होतं. शिट्टी होत नाही म्हणून अक्का वाकून बघायला गेली. झाकण कडेला दुमडून पत्र्यावर आदळलं आणि उकळती डाळ तिच्या मानेवर आणि खांद्यावर आली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती पट्ट्यांत होती. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हळूच म्हणाली, "तू सांगितलं हुतंस. पर छापल्यालं न्हवतं गं. ह्यांना दावायला माझ्याकडं काय हुतं?"

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले. आणि रडता रडता त्या साहेबाला ज्या शिव्या दिल्या, त्या मंगळवार पेठेतल्या कुठल्याही तालमीत शोभल्या असत्या.

मग मी ते काम सोडलं नाही, फक्त अट घालायला लागले. सूचनेमागचं कारण छापणार असाल तरच पुस्तक करते. मिक्सरच्या भांड्यात गरम पदार्थ घालून झाकण घट्ट लावू नका, कारण आत वाफ कोंडते आणि झाकण उडतं. इंडक्शनवर ज्या भांड्याच्या तळाला चुंबक चिकटतं तेच तापतं, आणि भांडं उचलल्यावरही काच गरम असते, कारण भांड्याची उष्णता तिच्यात उतरलेली असते. कंपन्या कुरकुरतात. कुरकुरू देत. मी आता ऐकत नाही.

इंडक्शनचं पुस्तक छापून आलं तेव्हा एक प्रत आणि एक शेगडी घेऊन मी हुपरीला गेले. दाजींनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "ह्ये बेस छापलंय." तेवढ्यात चांदी घ्यायला कुणी व्यापारी आले. दाजींनी काचेचं कपाट उघडलं. त्यात वरच्या फळीवर, नमुन्याच्या पैंजणांच्या शेजारी, मखमलीवर तो दुसरा वॉल्व्ह ठेवलेला होता. अजून तसाच चकाकणारा.

"पावणं, ह्ये बघा आमचं काम," दाजी म्हणाले. "कंपनीचा कुकर फुटून चिंध्या झाला, पर माझी चांदी जागची हलली न्हाय."

पाहुण्यांनी तो हातात घेऊन वाहवा केली. अक्का चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि पदर मानेवर ओढून घेतला.