हाताच्या लांबीवरून उंची

बेल्याजवळच्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. तपासणीच्या दिवशी एक म्हातारी आली. वाकलेली होती. तिची पाठ भिंतीला टेकेना, तरी मी डोक्यावर पट्टी ठेवली आणि आकडा वाचला. एकशे अडतीस. वजन पन्नास किलो. बीएमआय सव्वीसच्या वर गेला, म्हणून कार्डावर 'वजन जास्त' लिहिलं. सोबत आलेल्या तिच्या मुलाला सांगितलं, "खाणं कमी करा."

महिन्याभरानं तोच मुलगा तिला मोटारसायकलवर घेऊन आला. उजवं मनगट सुजून वाकडं झालं होतं, ओठ फाटला होता.

"पडली," तो म्हणाला.

"पडली नाय," म्हातारी म्हणाली. "एकच भाकर देऊन राह्यला हा. दुसरी घेतली त बैलाच्या काठीनं हाणलं. हात आडवा केला, त हातावर बसली. मंग तोंडात मारली."

मी मुलाकडे पाहिलं. तो माझ्यावरच धावून आला. "तुमीच लिवलं ना, वजन जास्त हाय मनून! आता मलेच बोलता काऊन?" उंची मोजायचा दांडा उचलून त्यानं टेबलावर हाणला. काच फुटली. म्हातारी डोकं खाली घालून बसली. मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं माझा हात पिरगाळला, तेव्हा बाहेर बसलेल्या दोघांनी त्याला धरलं.

आरडाओरडा ऐकून त्या दिवशी भेटीला आलेले डॉक्टर आतल्या खोलीतून आले. हाताला फळी बांधून त्यांनी कार्ड वाचलं आणि मला विचारलं, "सिस्टर, हिची उंची आधीपासून एवढीच होती?"

"मी पयले याच्याहून उंच होते," म्हातारीच म्हणाली.

डॉक्टरांनी तिचा चांगला हात आडवा धरायला लावला आणि गळ्याखालच्या खळगीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावला. चौऱ्याहत्तर. "दुप्पट करा. हाताची हाडं आखडत नाहीत, मणके दबतात. तरुणपणी ही एकशे अठ्ठेचाळीसच्या आसपास असणार."

मी हिशेब केला. बीएमआयला वजन उंचीच्या वर्गानं भागतात, म्हणून दहा सेंटीमीटर कमी धरल्यानं आकडा इतका फुगला होता. आता त्याच पन्नास किलोला बावीस पूर्णांक आठ आला. ती जाड कधीच नव्हती. आणि महिन्याभरानं, त्या दिवशी, काट्यावर शेहेचाळीसच किलो भरली.

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या एक्सरेत दोन मणके चेपलेले दिसले. हाडं ठिसूळ झाली होती. पोलिसांत तक्रार मीच दिली. मुलगा तिथंही कार्ड दाखवत राहिला. मी म्हणाले, "ते माझं चुकलं. काठी तू मारलीस."

म्हातारी मुधोळला लेकीकडे गेली. मनगट वाकडंच सांधलं.