हर्रासाआधी पोचायचं

मार्केटात रात्र काढायची नाही, हे माझं पक्कं ठरलं होतं. आमच्याकडून कापूस घेऊन जाणारे बहुतेक जण आदल्या संध्याकाळीच निघतात, ट्रॅक्टर रांगेत लावतात आणि ट्रॉलीखाली घोंगडी टाकून झोपतात. पुरुषांचं बरं असतं, भिंत दिसली की झालं. बाईनं कुठं जायचं, हा प्रश्न ते मार्केट बांधणाऱ्याला पडलाच नसावा. तोही पुरुषच असणार.

तरी मला जायचंच होतं. आमचे हे घरात चांगले बोलतात, पण व्यापाऱ्यासमोर उभे राहिले की यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही. आदल्या वर्षी एकटे गेले आणि पहिला भाव ऐकला त्यालाच माल देऊन आले. वर घरी येऊन मला सांगतात, "व्यापारी लय सभ्य होता." मी त्या दिवशी भाकरी थापता थापता काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या खेपेला पहिल्या वेचणीचा कापूस होता. दोन दिवस अंगणात पसरून मी तो हातानं उलटापालटा केला होता, पाला न् कवडी, म्हणजे किडकी बोंडं वेचून काढली होती. मार्केटात यंत्र खुपसून ओल मोजतात आणि ओल जास्त निघाली की भाव कापतात. असा कोरडा, पांढरा माल आमच्या गावात त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याला त्याच्या लायकीचा भाव मिळावा, एवढंच मला पाहिजे होतं.

म्हणून सगळा बेत मी केला. नऊच्या सुमाराला हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू होतो. आठनंतर फाटकावर आलेल्या गाडीला त्या दिवसाची चिठ्ठी मिळत नाही, तिचा नंबर दुसऱ्या दिवशी. गाव ते मार्केट चाळीसेक किलोमीटर, आणि भरलेली ट्रॉली तासाला पंधराच्या वर पळवायची नाही, नाही तर वळणावर कलंडते. म्हणजे चारला निघायचं, सातच्या आत फाटकावर, नऊला हर्रास, मग काट्यावर वजन, मग जिनिंगमध्ये माल खाली करून दुपारी मोकळं. दंव लागू नये म्हणून दोन ताडपत्र्या. आणि मधे एक थांबा, शहराच्या अलीकडे पुलापाशी उंच तुरीचं वावर आहे तिथं, माझ्यासाठी. हा थांबा बेतात सगळ्यात महत्त्वाचा होता, पण तो मी कुणाला सांगितला नव्हता, फक्त यांना.

चारला निघालो. मी चहासुद्धा घेतला नव्हता. पुलापाशी पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं, आणि तुरीच्या जागी मुरमाचा ढीग. रस्ता रुंद करायचं काम सुरू झालं होतं. पंधरा-वीस माणसं तिथं उघड्यावर बसून दात घासत होती, आणि ट्रॅक्टर हळू झाला तशी सगळी माझ्याकडं बघायला लागली.

"समोर बघू वं कुठंतरी," हे म्हणाले.

समोर काय असणार, घरं न् दुकानं. शहर लागलं होतं.

सातला दहा मिनिटं कमी असताना आम्ही फाटकावर होतो. चिठ्ठी मिळाली, नंबर लागला. बेत असा बरोबर जमला होता आणि मला पाय जुळवून उभं राहावं लागत होतं.

मार्केटात बायकांचं संडास आहे. दारावर बाईचं चित्र आहे, आणि मार्केट तेलुगू मुलखातलं म्हणून खाली तेलुगू, हिंदी आणि उर्दूत लिहिलेलं आहे. दाराला कुलूप होतं. फटीतून आत पाहिलं तर रिकाम्या पोत्यांचा बारदाना रचलेला, वर मोडका तराजू. बाजूची भिंत पुरुषांची, तिथून असा वास येत होता की मी नाकाला पदर लावला. खाली गुटख्याच्या पिचकाऱ्या, चालायला कोरडी जागा नाही. चौकीदाराला चाबी मागितली.

"चाबी साब के पास. साब ग्यारा बजे आते," तो म्हणाला.

"मग बाया कुठं जातात?"

"लेडीज लोगां आतेच नै यहां," तो म्हणाला. त्याला हे उत्तर पुरेसं वाटलं.

फाटकाबाहेर लांब एक पेट्रोल पंप होता. जाऊन यायला अर्धा तास तरी लागला असता, आणि हर्रासाआधीही माल हेरत फिरणारे व्यापारी तेवढ्यात आमच्या ट्रॉलीपाशी आले असते तर यांनी काय केलं असतं ते मला माहीत होतं. मी गेले नाही. ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभी राहिले. यांनी दोनदा विचारलं, "लय होऊन राह्यलं का?"

साडेनऊला व्यापारी हर्रासाला निघाले. चार-पाच जण, एकेका गाडीपाशी थांबायचे, मूठभर कापूस उपसायचे, धागा ओढून बघायचे आणि बोली करायचे. आमच्या पुढच्या ट्रॉलीत पिवळट माल होता. तिथले तिघं भाऊ स्टोव्ह, तांदूळ सगळं घेऊन आलेले. पहिली बोली ऐकून त्यांनी सरळ सांगितलं, "आमी परवापावेतो बसतो." व्यापाऱ्यांनी दोनदा भाव वाढवला.

मग आमची पाळी. यंत्रवाल्यानं नेमकं ताडपत्रीच्या दुमडीखाली, ओल्या कोपऱ्यात यंत्र खुपसलं. मी म्हटलं, "मधात टाक." मधात टाकलं तर सात टक्के निघाली. आठपर्यंत तर कापतच नाहीत. माझा कापूस होताच तसा. सगळ्यात पुढं असलेल्या व्यापाऱ्यानं मूठ उघडून पाहिली, त्याला कळलं. मग त्याची नजर माझ्यावर आली, पायापासून वर. त्यानं त्या पिवळ्या मालापेक्षा खालचा भाव सांगितला. दुसरा काही बोलायला लागला तसा हा त्याला हळूच म्हणाला, "फॅमिली साथ में है. रात को रुकते नै ये लोगां." दुसरा मोबाइल बघायला लागला. बाकीच्यांनी वरची बोली केलीच नाही.

मला वाटलं होतं माझा बेत मलाच माहीत आहे. या माणसांना तो कधीचा पाठ होता. बाई असलेली गाडी पहाटे येते आणि संध्याकाळच्या आत जाते, हे त्यांनी किती बायांच्या मालावर शिकून घेतलं असेल, देव जाणे. मला त्या माणसाची किळस आली.

"देत नाय," मी म्हटलं. "उद्याच्या हर्रासापावेतो थांबतो आमी."

"रुको ना अम्मा," तो हसून म्हणाला. "कौन मना किया?"

मी थांबणार होते. खरंच थांबणार होते. पंपावर जाईन, अंधारात कुठंही बसेन, पण या हसऱ्या थोबाडाला माझा कापूस देणार नाही, असं माझं मनाशी ठरलंही होतं. मी ताडपत्रीचा दोर ओढायला हात वर केला आणि कळ अशी आली की मी वाकले.

"घ्या सेठ, लिहा," मागून यांचा आवाज आला. "माझ्या बायकोला जायाचं हाय. पहाटपासून तशीच उभी हाय ती."

सगळ्यांनी ऐकलं. स्टोव्हवाल्या भावांनी माना फिरवल्या. व्यापाऱ्यानं चिठ्ठीवर भाव लिहिला आणि पुढच्या गाडीकडं गेला.

यांचे डोळे भरले होते. माझ्या कळवळ्यानंच बोलले होते हो, त्यात दुसरं काही नव्हतं. मी त्यांना चार शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटलंय. सुटले एकदाची, असं वाटलंय. त्या व्यापाऱ्याची किळस मला नंतर कमी झाली, वर्ष गेलं, माणूस विसरतो. पण त्या वेळी आत जे हलकं वाटलं, त्याची किळस अजून येते.

मी पदर खोचला आणि पंपाच्या दिशेनं चालायला लागले.